स्टीलचं सबमिटल परत पाठवायचंय, पत्र जरा बघून सांगाल का?

साइट_ताई
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एका शिक्षण संस्थेच्या बिल्डिंगवर पीएमसीकडून साइट इंजिनिअर आहे, तळ अधिक सात मजले, फ्रेम आहे आणि लिफ्टभोवती शिअर वॉल. ठेकेदाराने मागच्या आठवड्यात टीएमटी स्टीलचं सबमिटल दिलं, १२, १६ आणि २० मिमी, ग्रेड एफई ५००डी, मिलची टेस्ट सर्टिफिकेटं जोडून. त्यातले १२ आणि १६ आमच्या स्पेसिफिकेशनला बसत नाहीत असं मला वाटतंय. आमचे सर म्हणाले पत्र तूच लिही, आणि मराठीतच लिही कारण संस्थेचे सचिव प्रत्येक पत्राची कॉपी स्वतः वाचतात, आणि ठेकेदाराचे मालक इंग्रजी पत्र आलं की न वाचताच फायलीला लावतात. वर सौम्य लिही म्हणाले, अजून दोन वर्षं यांच्यासोबतच काढायचीत.

आकडे एमपीएमध्ये, सर्टिफिकेटवरचे:
१२ मिमी – यील्ड ६०७, अल्टिमेट ६८२, इलाँगेशन १६.८ टक्के
१६ मिमी – यील्ड ५४८, अल्टिमेट ६१२, इलाँगेशन १७.५ टक्के
२० मिमी – यील्ड ५३२, अल्टिमेट ६२१, इलाँगेशन १८.२ टक्के

माझा मसुदा:
"आपण सादर केलेले स्टील निकृष्ट दर्जाचे असून ते आयएस कोडप्रमाणे नाही. सबब सदर कंपनीचे स्टील नाकारण्यात येत आहे. तरी त्वरित दुसऱ्या चांगल्या कंपनीचे स्टील सादर करावे. होणाऱ्या विलंबास आपण जबाबदार राहाल याची कृपया नोंद घ्यावी."

कृपया घातलंय शेवटी पण तरी ते सौम्य वाटेना. काय करू?

कागलकर
ताई चांगलं केलं नाकारलं ते. माझ्या घराच्या वेळी पण असंच झालं, १२ एमएमचा बारा मीटरचा बार काट्यावर टाकला तर ९.९ किलो भरला, पाहिजे होता साडेदहाच्या वर, दुकानदार म्हणतोय गंज झाडला की वजन कमी होतं. गंज झाडला तर पाऊण किलो जातो व्हय. तुम्ही पण पत्रात वजनाचं घाला, लै फसवतात.

साइट_ताई
दादा आमच्याकडे वजन बरोबर आहे, मी स्वतः एक एक मीटरचे तुकडे काट्यावर घातले. प्रॉब्लेम ताकदीच्या आकड्यांचा आहे.

कागलकर
मग ताकद कमी आहे का? ६०७ म्हणजे ५०० पेक्षा जास्तच की. मला काय समजंना बगा.

बिलिंगवाला
हाच तर मुद्दा आहे. मी ठेकेदाराकडे बिलिंग करतो त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. एफई ५००डी ला यील्ड किमान ५००, अल्टिमेट किमान ५६५, इलाँगेशन किमान १६ टक्के. तिन्ही बार पास. अल्टिमेट आणि यील्डच्या रेशोचं म्हणाल तर ६१२ भागिले ५०० म्हणजे १.२२ येतं, १२ मिमीचं तर १.३६. आयएसआय मार्क आहे बारवर. असं स्टील निकृष्ट म्हणून पत्र आलं तर आमचे मालक दुसऱ्या दिवशी वकिलाकडून उत्तर पाठवतील आणि त्यात ते बरोबर असतील.

सेटिंग_आउट
रेशो १.२५ पाहिजे भूकंपाच्या भागात. त्यामुळे तुमचं २० मिमी पण फेल आहे, ६२१/५३२ = १.१७. तिन्ही रिजेक्ट करा सरळ.

उद्यमनगरकर
थांबा थांबा, सगळ्यांनी एकदम हातोडा नका मारू. मी तीस वर्षं कन्सल्टंटच्या बाजूने साइटवर काढली, आता घरी बसून नातवाला गणित शिकवतो, तर जरा सावकाश सांगतो.

बिलिंगवाला, तुमची सुरुवात बरोबर आणि शेवट चूक. तिन्ही बार आयएस १७८६:२००८ प्रमाणे ५००डी म्हणून पास आहेत हे अगदी खरं. म्हणून ताईंच्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य पत्र मारून टाकतं. "निकृष्ट", "कोडप्रमाणे नाही", ही दोन्ही विधानं खोटी पडतात, आणि पत्रातलं एक विधान खोटं पडलं की बाकीचं खरं असलं तरी कोण वाचत नाही.

पण रेशो काढताना ५०० ने भागायचं नाही हो. अल्टिमेटला भागायचं ते त्याच तुकड्याच्या खऱ्या यील्डने. १७८६ च्या तक्त्याखाली टीप आहे तशी. ६१२ भागिले ५४८, येतात १.११७. ६८२ भागिले ६०७, १.१२४. डी ग्रेडला १७८६ मध्ये १.१० पुरे आहे म्हणून ते पास होतात. ५०० ने भागायची चूक मी प्रत्येक साइटवर बघितली, मुद्दाम करतात असं नाही, सर्टिफिकेटवर ५०० ठळक छापलेलं असतं आणि डोळा तिकडेच जातो.

सेटिंग_आउट, १.२५ हे १७८६ मध्येच एस ग्रेडला आहे, ५००एस. ताईंच्या कामाला डी ग्रेड मागितलाय. दुसऱ्या ग्रेडचा आकडा पत्रात घातला तर ताईंचंच पत्र परत येईल.

आता ताई मला एक सांग, तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये आयएस १३९२० चं नाव कुठे आहे का? कलम नंबरासकट दे.

साइट_ताई
आहे काका. "प्रबलन पोलाद" या भागात.
६.१ – सळई एफई ५००डी, आयएस १७८६:२००८ प्रमाणे.
६.२ – कॉलम, बीम आणि शिअर वॉलच्या बाउंडरी एलिमेंटमधल्या सळईला शिवाय आयएस १३९२०:२०१६ कलम ५.३ लागू. (क) प्रत्यक्ष यील्ड हे ठरलेल्या यील्डपेक्षा २० टक्क्यांहून जास्त नसावं. (ख) प्रत्यक्ष अल्टिमेट आणि प्रत्यक्ष यील्ड यांचं गुणोत्तर किमान १.१५.
६.५ – प्रत्येक हीटचं मिल सर्टिफिकेट, हीट नंबर बंडलच्या टॅगशी जुळणारा.

मी मसुद्यात यातलं काहीच लिहिलं नाही, आत्ता कळतंय. मला वाटलं कलमं टाकली की पत्र वकिली वाटतं.

उद्यमनगरकर
उलट आहे. कलम नसलं की पत्र वैयक्तिक वाटतं. "तुमचं स्टील चांगलं नाही" हे माणसाला लागतं. "६.२ (ख) मध्ये १.१५ मागितलंय, सर्टिफिकेटवरून १.१२ येतंय" हे कोणाला लागत नाही, त्यात ठेकेदारही नाही आणि इंजिनिअरही नाही, दोन आकडे आहेत फक्त. सौम्यपणा "कृपया" आणि "नम्र विनंती" मध्ये नसतो, तू तीन वेळा कृपया लिहिलंस आणि मग कानफटात मारलीस तर त्याचा काय उपयोग.

तुझी केस अशी आहे. १२ मिमी दोन ठिकाणी अडतंय. २० टक्क्यांची मर्यादा म्हणजे ६००, यील्ड ६०७. आणि रेशो १.१२. १६ मिमी फक्त रेशोला अडतंय, ५४८ यील्ड असेल तर अल्टिमेट ६३० च्या वर पाहिजे होतं, आहे ६१२. २० मिमी दोन्हीत पास. म्हणजे पत्रात नाकारायच्या गोष्टी तीनच आहेत, चौथी शोधू नकोस.

कागलकर
काका पण जास्त ताकद असली तर बिघडलं कुठं? हे मला अजून कळलं न्हाई. सात एमपीए जास्त आहे म्हणून स्टील परत? आमच्या मिस्त्रीला सांगितलं तर हसंल.

उद्यमनगरकर
हसू दे, प्रश्न चांगला आहे आणि तुमच्यासारखाच प्रश्न संस्थेचे सचिव विचारणार, म्हणून ताईने पत्रात त्याला दोन ओळी द्याव्यात.

भूकंपात बिल्डिंग हलते तेव्हा डिझाइन करणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं की आधी कोणी वाकायचं. बीमच्या टोकाला सळई ताणली जाऊन वाकायची, कॉलम उभा राहायचा, आणि बीम कातरून तुटायचा नाही. बीमची सळई ५०० ला यील्ड होईल, थोडं वरखाली, असं धरून कॉलम आणि रिंगा तेवढ्या ताकदीच्या केल्या. आता सळई प्रत्यक्षात ६०७ ला यील्ड होणारी आली तर बीम वाकायला तयारच होत नाही, सगळा भार कॉलमवर आणि जोडावर जातो. मिस्त्रीच्या भाषेत सांगायचं तर फ्यूज जाड तारेचा बसवला, आता घरातलं वायरिंग जळणार.

आणि रेशो म्हणजे यील्ड झाल्यावर पुढे किती दम शिल्लक आहे ते. दम कमी असेल तर ताण एकाच भेगेपाशी गोळा होतो, सळई लांबवर ताणली जात नाही, तिथल्या तिथे तुटते. १३९२० झोन तीन आणि त्याच्या वरती सक्तीचा आहे, आणि कोल्हापूर झोन तीनमध्ये येतं.

पंचगंगा_घाट
झोन तीन वरून आठवलं, ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे सव्वाचारच्या पुढे. आमच्या वडिलांनी आम्हाला अंथरुणासकट उचलून अंगणात आणलेलं. भांडी फळीवरून खाली. तेव्हा कुठलं टीएमटी आणि कुठला रेशो. विषयाला सोडून आहे माफ करा.

शिरोली_शिफ्ट
मी रोलिंग मिलमध्ये नऊ वर्षं होतो, एक गोष्ट सांगतो जी पत्राला कामाची आहे. टीएमटीमध्ये बार शेवटच्या स्टँडमधून लालभडक बाहेर येतो आणि पाण्याच्या बॉक्समधून जातो. पाणी जोरात मारलं की बाहेरची कडक साल जाड होते, यील्ड वर चढतं. पण अल्टिमेट त्या मानाने तेवढं चढत नाही, त्यामुळे रेशो खाली येतो. बारीक बार लवकर थंड होतो म्हणून १२ आणि त्याच्या खालच्या साइजमध्ये हे जास्त दिसतं, ताईंच्या आकड्यात पण बघा १२ चं यील्ड सगळ्यात जास्त आहे. मिलला भीती असते यील्ड ५०० च्या खाली जायची, खाली गेलं तर माल फेल, वर गेलं तर कोण विचारत नाही, म्हणून ऑपरेटर पाणी जरा जास्तच ठेवतो.

म्हणजे यात कंपनी वाईट नाही, त्या दिवशीची हीट आणि त्या दिवशीचं पाणी. त्याच मिलची पुढची हीट १.१८ देईल. म्हणून "सदर कंपनीचे स्टील नाकारण्यात येत आहे" हे काढाच. ठेकेदाराने ऑर्डर देतानाच लिहून दिलं की यील्ड ६०० च्या आत आणि रेशो १.१५ च्या वर पाहिजे तर मिल त्या हीट निवडून देते. न लिहिता ५००डी एवढंच लिहिलं तर मिल १.१० धरून पाठवणार, त्यात तिची चूक नाही.

बिलिंगवाला
शिरोलीवाल्यांनी मनातलं बोललं. आम्हाला कधीच कोण सांगत नाही नक्की काय घेऊन या. "स्पेसिफिकेशनप्रमाणे सादर करावे" एवढं लिहितात आणि आम्ही परत तेच घेऊन येतो. ५०० ने भागायचं माझं चुकलं, मान्य, उद्या ऑफिसमध्ये जुन्या सबमिटलचे रेशो काढून बघणार आहे, थोडी भीती वाटायला लागलीय.

साइट_ताई
सगळ्यांचं वाचून रात्री परत लिहिलं. नावं, नंबर बदललेत.

"विषय : सबमिटल क्र. एसटी-०७, टीएमटी सळई १२, १६ व २० मिमी. अभिप्राय : २० मिमी मान्य, १२ व १६ मिमी दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.

महोदय,
आपले वरील सबमिटल मिळाले. सोबतची तिन्ही मिल सर्टिफिकेटे आम्ही तपासली. तिन्ही व्यासांची सळई आयएस १७८६:२००८ मधील एफई ५००डी ची यील्ड, अल्टिमेट व इलाँगेशनची किमान मूल्ये पूर्ण करते, म्हणजे स्पेसिफिकेशन कलम ६.१ ची पूर्तता होते.

कॉलम, बीम व शिअर वॉलच्या बाउंडरी एलिमेंटसाठी कलम ६.२ मध्ये आयएस १३९२०:२०१६ च्या कलम ५.३ मधील दोन अटी अधिक आहेत. त्यांबाबत पुढीलप्रमाणे आढळले.

कलम ६.२ (क), प्रत्यक्ष यील्ड कमाल ६०० एमपीए : १२ मिमी सळईचे यील्ड ६०७ एमपीए आहे.
कलम ६.२ (ख), प्रत्यक्ष अल्टिमेट भागिले प्रत्यक्ष यील्ड किमान १.१५ : १२ मिमी सळईचे गुणोत्तर १.१२ (६८२/६०७) आणि १६ मिमी सळईचे १.१२ (६१२/५४८) येते.

आपल्या पत्रात हे गुणोत्तर ५०० एमपीए धरून काढलेले दिसते. कलमात 'प्रत्यक्ष यील्ड' असा शब्द असल्याने सर्टिफिकेटवरील यील्ड धरावे लागते.

यील्डला कमाल मर्यादा असण्याचे कारण असे की भूकंपात बीमची सळई कॉलमच्या आधी यील्ड व्हावी असे डिझाइनमध्ये गृहीत धरले आहे.

२० मिमी सळई कलम ६.१ व ६.२ पूर्ण करते. सर्टिफिकेटवरील हीटपुरती ती मान्य आहे.

१२ व १६ मिमीसाठी याच उत्पादकाच्या दुसऱ्या हीट किंवा मान्य यादीतील अन्य उत्पादकाची सळई सादर करता येईल. पुनर्सादरीकरणात हीट क्रमांक असलेले मूळ सर्टिफिकेट व टॅगचा फोटो (कलम ६.५) जोडावा. खरेदी आदेशातच कलम ६.२ (क) व (ख) ची मूल्ये नमूद केल्यास सोयीचे होईल.

पुनर्सादर केलेल्या कागदपत्रांवर आम्ही तीन दिवसांत अभिप्राय देऊ. काही शंका असल्यास साइट ऑफिसमध्ये चर्चा करता येईल."

विलंबाचं वाक्य काढलं. बरोबर केलं का?

उद्यमनगरकर
आता हे पत्र आहे. विलंबाचं काढलंस ते बरोबर, करारात ते आधीच लिहिलेलं असतं, प्रत्येक पत्रात धमकी देऊन त्याची धार जाते. आणि "तीन दिवसांत" लिहिलंस ते मला सगळ्यात आवडलं, कारण त्यात तूही बांधली गेलीस. पण सरांना विचारून लिही, करारात दहा दिवस असतील आणि तू तीन लिहिलेस तर चौथ्या दिवशी ठेकेदार तेच पत्र तुझ्यासमोर धरेल.

दोन किरकोळ. एक, "आपल्या पत्रात गुणोत्तर ५०० धरून काढलेले दिसते" हे वाक्य छान आहे, चूक दाखवते पण बोट दाखवत नाही, ठेव. दोन, खरेदी आदेशाचं शेवटचं वाक्य "सोयीचे होईल" इथेच थांबव, त्यापुढे जाऊन कुठल्या मिलकडून घ्या हे तोंडानेही सांगू नकोस. तू नाव सुचवलंस आणि ती हीटही फेल गेली तर जबाबदारी तुझ्या गळ्यात.

सेटिंग_आउट
१.२५ चं माझं चुकलं, एका जुन्या कामावर ५००एस होतं तिथून डोक्यात बसलेलं. पण माझा एक आक्षेप आहे, २० मिमी मान्य आणि बाकी परत असं एकाच पत्रात करू नये. साइटवर पत्राचा अर्थ "एसटी-०७ मान्य" एवढाच पोचतो, स्टोअरकीपर विषय सुद्धा पूर्ण वाचत नाही. आमच्याकडे असंच झालं होतं, अर्धवट मान्य पत्र आणि पूर्ण माल उतरला. मी असतो तर अख्खं सबमिटल परत पाठवून २० मिमी वेगळ्या नंबरने मागवलं असतं.

बिलिंगवाला
म्हणजे आमचं पास झालेलं पण अडवून ठेवणार? २० मिमी कॉलमला लागतं, ते मान्य झालं तर आम्ही निदान कॉलमची तयारी करू. ताईंचं बरोबर आहे.

उद्यमनगरकर
दोन्ही पद्धती मी चाललेल्या बघितल्यात. विषयाच्या ओळीत साइज लिहिलेत तेवढं पुरेसं आहे असं मला वाटतं, पण सेटिंग_आउटची भीती पण खोटी नाही. स्टोअरला वेगळी एक ओळीची चिठ्ठी द्या.

साइट_ताई
अजून एक गोष्ट आहे जी मी लपवली, म्हणजे लपवली नाही, लाज वाटत होती. १२ मिमीचे साधारण चार टन आधीच साइटवर उतरलेत. सबमिटल मान्य व्हायच्या आधीच. आता ठेकेदार म्हणतोय ते स्लॅबला वापरतो, ६.२ मध्ये स्लॅबचं नावच नाही ना, कॉलम बीम शिअर वॉल एवढंच आहे. हे पत्रात घालू का?

शिरोली_शिफ्ट
कायद्याने ठेकेदाराचं म्हणणं बरोबर दिसतंय की. ६.१ पास आहे, स्लॅबला ६.२ नाही.

सेटिंग_आउट
बरोबर असेल पण साइटवर दोन प्रकारचं १२ मिमी ठेवणार कसं? बीमच्या साइड फेसला, वॉलला, कॉलमला पण १२ लागतंच ना कुठेतरी. रंग मारा, वेगळा रॅक करा, काय वाटेल ते करा, तिसऱ्या स्लॅबला बार बेंडर जवळचा बंडल उचलणार. कापल्यावर टॅग जातो, मग कुठला बार कुठल्या हीटचा ते देव जाणे.

उद्यमनगरकर
सबमिटलच्या पत्रात हे घालू नको. सबमिटल कागदाचं आहे, साइटवरचा माल वेगळा विषय. मिसळलंस तर उत्तर चार टनांवर येईल आणि रेशोचा मुद्दा बाजूला पडेल. वेगळं पत्र, दोन ओळींचं : अमुक हीटचा अमुक माल साइटवर आहे, निर्णय होईपर्यंत वेगळा ठेवावा, वापरू नये. बस.

आणि स्लॅबला चालेल का हे तू ठरवायचं नाही, मी पण नाही. स्ट्रक्चरल कन्सल्टंटला लेखी विचारा. काही कन्सल्टंट हो म्हणतात, काही म्हणतात संपूर्ण बिल्डिंगला एकच स्टील ठेवा, गोंधळ नको. दोघांकडे कारणं आहेत.

बिलिंगवाला
वेगळं पत्र म्हणजे चार टन अडकवून ठेवायची युक्ती. पैसे आम्ही भरलेत हो त्याचे. आणि मान्यतेआधी माल आणला हे चुकलं हे मान्य, पण पाऊस लागायच्या आत तळमजल्याचा स्लॅब घालायचा आग्रह संस्थेचाच होता, मिटिंगच्या मिनिट्समध्ये असेल बघा.

साइट_ताई
मिनिट्समध्ये "स्लॅब लवकर व्हावा" एवढं आहे, माल आणा असं नाही. पण हो, आग्रह होता.

कागलकर
ताई माझा आपला एक साधा प्रश्न, माझ्या घराला कुठं १.१५ बघितलं कोणी? तळ अधिक एक आहे. सर्टिफिकेट मागितलं तर दुकानदार म्हणाला ते फक्त सरकारी कामाला देतात.

उद्यमनगरकर
असं काही नाही, टॅगवरचा हीट नंबर सांगा आणि त्याचं सर्टिफिकेट मागा, डीलरला मिलकडून मिळतं. तुमच्या घराचं आता झालं ते झालं, उगीच झोप घालवू नका. वरचा मजला चढवणार असाल तेव्हा मागा.

साइट_ताई
अपडेट. पत्र काल गेलं. सरांनी तीनाचे पाच दिवस केले, बाकी तसंच. ठेकेदाराचे मालक स्वतः साइटवर आले, मला वाटलं आता भांडण, पण ते सर्टिफिकेट आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसले, ६१२ भागिले ५४८ तीन वेळा केलं, मग म्हणाले "हे मिलवाल्याला दाखवतो". सचिवांनी फोन करून विचारलं की यील्ड जास्त असलं तर वाईट कसं, त्यांना काकांचा फ्यूज सांगितला, ते म्हणाले हे पत्रातच लिहायचं की.

मिलकडून १६ मिमीच्या दोन हीटचे आकडे तोंडी आलेत, एकाचं यील्ड ५३८ अल्टिमेट ६२४, दुसऱ्याचं ५२५ आणि ६१०.

शिरोली_शिफ्ट
दोन्ही १.१६. काठावर आहेत पण पास. तोंडी आकड्यावर हो म्हणू नका, कागद येऊ दे, आणि माल आल्यावर साइटवरून तुकडे काढून बाहेरच्या लॅबला पाठवा. १.१६ सर्टिफिकेटवर आणि १.१४ लॅबमध्ये हे सहज होतं.

साइट_ताई
तेव्हा काय करायचं मग? मिल १.१६ म्हणते, लॅब १.१४.

सेटिंग_आउट
लॅबचं धरायचं, त्यात काय.

उद्यमनगरकर
इतकं सोपं नाही. १७८६ मध्ये एक तुकडा नापास झाला तर त्याच मालातून आणखी दोन घेऊन तपासायचे आणि दोन्ही पास व्हावे लागतात असं आहे. पण ते १७८६ च्या स्वतःच्या अटींसाठी. १.१५ ही अट १३९२० मधून आणि तुमच्या ६.२ मधून आलीय, तिला तोच नियम लावायचा का हे तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय का बघ ताई.

साइट_ताई
नाही लिहिलेलं. आत्ताच परत बघितलं.

उद्यमनगरकर
मग माल उतरायच्या आधी ते ठेकेदाराशी लेखी ठरवून घे. नंतर ठरवायला गेलीस तर प्रत्येकजण आपापल्या सोयीचा नियम काढतो.

बिलिंगवाला
आमच्या ऑफिसची जुनी सबमिटलं काढली आज. अकरापैकी चारमध्ये रेशो ५०० ने भागलेला आहे. आणि चारही मान्य झालेली आहेत. आता ही गोष्ट मालकांना सांगायची का न्हाई याचा विचार करतोय.